सुपाऱ्या आल्या का?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मल्लेश्वरमच्या घरात हा प्रश्न दिवसातून चारदा विचारला जायचा आणि चार जणांकडून चार उत्तरे यायची. यादी नव्हती असे नाही. सासूबाईंची यादी वहीच्या मागच्या पानावर दर वर्षी तयार असायची, छत्तीस जिन्नसांची. प्रत्येकापुढे एक चौकोन, आणि वस्तू आली की त्यात पेनाने खूण. पुढे ती वही माणसांना पुरेना, कारण एक जण आठव्या क्रॉसला, एक गांधी बझारात, एक ऑफिसातून येता येता केआर मार्केटला. म्हणून न्यू जर्सीतल्या पुतण्याने तीच यादी गूगल शीट्समध्ये उतरवून दिली, शेजारी चौकोनही काढून दिले, आणि बोटाने दाबले की खूण उमटू लागली. सगळ्यांच्या फोनवर एकच यादी. आता तरी गोंधळ संपेल असे वाटले.

संपला नाही. सुपाऱ्यांपुढे खूण होती आणि डब्यात सुपाऱ्या नव्हत्या. भाऊजींना विचारले तर म्हणाले, “वहिनी, येताना घेणारच होतो, म्हणून आधीच टिक करून टाकली.”

यात त्यांचे फार चुकले असे मला वाटत नाही. चौकोन हा प्रकारच असा की त्यात कोण काय म्हणतो आहे ते कळत नाही. “आणले”, “आणतो”, “सांगून ठेवले”, “नको आहे यंदा”, या चारही गोष्टींची खूण एकच. मी हिशेबाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, आणि तिथे हा भेद पहिल्या दिवशी शिकवतात: खातेवहीतली शिल्लक कोणी हाताने लिहीत नाही. तुम्ही जमा लिहिता, खर्च लिहिता, आणि शिल्लक निघते. कोणाला ती बदलायची असेल तर त्याने नोंद करावी. यादीतली खूणही तशीच निघाली पाहिजे, असे माझ्या डोक्यात आले. खूण करायचीच नाही. काय आणले ते लिहायचे, आणि खूण आपोआप उमटू द्यायची.

एवढे ठरले की बाकीचे त्यातूनच येते. एका पानाची दोन पाने होतात. पहिल्याचे नाव ‘यादी’: A स्तंभात जिन्नस, B मध्ये किती हवे, C मध्ये किती आले, D मध्ये स्थिती. दुसऱ्याचे नाव ‘नोंद’: A मध्ये तारीख, B मध्ये जिन्नस, C मध्ये नग. माणसांनी फक्त ‘नोंद’ पानावर लिहायचे. ‘यादी’तल्या C आणि D या स्तंभांना कोणी हात लावायचा नाही, ते सूत्रांचे आहेत. C2 मध्ये हे:

```
=SUMIF('नोंद'!$B$2:$B$200,$A2,'नोंद'!$C$2:$C$200)
```

म्हणजे नोंदींत जिथे जिथे हे नाव आहे, तिथले नग मिळवून आण. आणि D2 मध्ये:

```
=IF($A2="","",IF($C2=0,"बाकी",IF($C2<$B2,"अपुरे","✓")))
```

दोन्ही सूत्रे खाली ओढली की झाले. अकरा सुपाऱ्या हव्यात आणि सहा आल्या तर ‘अपुरे’, आणखी पाच आल्या की ‘✓’. ती खूण कोणी केली? कोणीच नाही.

पण सगळा भार आता एका ठिकाणी येऊन पडतो, तो म्हणजे नावे जुळण्यावर. आणि बंगळूरमधल्या मराठी घरात नावे जुळणे ही काही सोपी गोष्ट नाही. सासूबाई ‘दूर्वा’ लिहितात. भाऊजी दुकानदाराशी कानडीत बोलून येतात, ते ‘गरिके’ लिहितात. माझी मुलगी फोनवर इंग्रजी लिपीत काहीतरी खरडते. विड्याची पाने, विड्याची पानं, वीळ्यदेले, ही तिन्ही एकच वस्तू आहे हे आपल्याला कळते. सूत्राला ती तीन वेगळ्या वस्तू दिसतात आणि यादीतल्या एकाच नावाशी त्यातली एकच जुळते. नावाच्या शेवटी नुसती एक मोकळी जागा राहिली, ‘नारळ’ लिहून स्पेस दाबली गेली, तरी मोजणी चुकते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

देवनागरीत तर आणखी एक छुपी भानगड आहे. ‘सुपाऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यात ऱ हे वेगळे अक्षर घालतात. काही जण साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह घालून तीच आकृती उमटवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. पण `=LEN(A5)` विचारा: एकाचे उत्तर 8 येते, दुसऱ्याचे 9. अशा दोन माळा एकमेकींशी जुळतील या भरवशावर पूजेची तयारी सोडू नये.

ड्रॉप-डाउनचे खरे काम इथे आहे. पुष्कळांना वाटते की ती टाइप करण्याचे कष्ट वाचवायची सोय आहे. तो वरचा फायदा. खरा फायदा असा की नोंदीत जाणारा शब्द हा यादीतल्या शब्दाची अक्षरशः नक्कल असतो, अदृश्य चिन्हासकट. यादीत चुकीचे लिहिले असेल तर नोंदीतही तेच चुकीचे जाते, आणि जुळते.

ती लावायची कशी, ते सांगते. नियम लॅपटॉपवर लावून घ्यावेत, फोनवर मग फक्त निवडायचे उरते. ‘नोंद’ पानावर B2 पासून B200 पर्यंत निवडा, `Data` मधून `Data validation` उघडा, नवा नियम घ्या, प्रकार `Dropdown (from a range)` निवडा आणि पल्ला द्या:

```
'यादी'!$A$2:$A$40
```

जिन्नस छत्तीस असले तरी पल्ला चाळिसाव्या ओळीपर्यंत ठेवला, कारण आयत्या वेळी आठवणाऱ्या वस्तूंना जागा लागते. त्याच चौकटीत खाली प्रगत पर्यायांत एक प्रश्न असतो: चुकीचे काही आले तर नुसता इशारा द्यायचा की ते नाकारायचे? तिथे `Reject the input` निवडा. नुसत्या इशाऱ्याला आमच्या घरात कोणी भीक घालत नाही. C स्तंभालाही एक नियम लावा, शून्यापेक्षा मोठा आकडाच चालेल असा. कोणी ‘2 जुड्या’ असे लिहिले तर तो मजकूर होतो, SUMIF त्याला मोजत नाही, आणि वस्तू घरात असूनही यादी ‘बाकी’ म्हणत राहते. जुडी की नग की पाव किलो, हे यादीतल्या नावातच घालावे: ‘गूळ, पाव किलोचे पुडे’.

आता रंग. कंडिशनल फॉरमॅटिंग हाताशी आले की माणसाला सगळे रंगवावेसे वाटते, मीही तेच केले. ‘बाकी’ लाल, ‘अपुरे’ पिवळे, ‘✓’ हिरवे. पहिल्या दिवशी पान उघडले तर छत्तीसच्या छत्तीस ओळी लाल. जे सगळेच लाल आहे त्यात लाल काही सांगत नाही. दहा दिवस आधी फुले आलेली नाहीत हे योग्यच आहे, त्यात ओरडण्यासारखे काय? पण दहा दिवस आधी कापूर, वाती, जानवे आलेले नसेल तर हरकत नाही आणि दोन दिवस आधी आलेले नसेल तर आहे. म्हणजे ‘नाही’ आणि ‘राहून गेले’ यांत फरक आहे, आणि तो फरक तारखेचा आहे.

म्हणून ‘यादी’त E स्तंभ आला: कधीपर्यंत. इथे बंगळूरचे पंचांग मधे येते. इकडे गौरी हब्ब गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, आपल्या हरितालिकेच्या तिथीला. आपल्या ज्येष्ठा गौरी येतात त्यानंतर, अनुराधा नक्षत्रावर. 2025 सालचे उदाहरण घ्या: गौरी हब्ब 26 ऑगस्टला, चतुर्थी 27 ला, आणि आमच्या गौरींचे आवाहन 31 ला, पूजन 1 सप्टेंबरला. बाजाराची सगळी घाई 26 पर्यंतची. आमची निम्मी खरेदी त्यानंतरची, गावाची धामधूम उतरल्यावरची. एकच तारीख सगळ्या यादीला लावली असती तर एक तर गौरीची पत्री पाच दिवस आधी आणून सुकवली असती, नाही तर गणपतीच्या दूर्वांना उशीर झाला असता. म्हणून तारीख प्रत्येक ओळीची वेगळी: सुपाऱ्या 20 ऑगस्ट, फुले 26, गौरीचे सामान 30.

रंगाचा नियम मग असा झाला. A2 पासून E40 पर्यंत निवडायचे, `Format` मधून `Conditional formatting`, त्यात `Custom formula is`:

```
=AND($A2<>"",$D2<>"✓",$E2<=TODAY()+1)
```

याला लाल. म्हणजे वस्तू पूर्ण आलेली नाही आणि मुदत उद्यावर आली किंवा उलटून गेली. तारीख लिहायला विसरलेली ओळ लगेच लाल होते, आणि ते मला बरेच वाटते. दुसरा नियम `=$D2="अपुरे"`, पिवळा. तिसरा `=$D2="✓"`, फिकट हिरवा. लाल सगळ्यांत वर ठेवायचा, कारण दोन नियम एकाच वेळी लागू पडले तर वरच्याचे चालते. ज्याला वेळ आहे ते पांढरे. आता पान उघडले की दोन-तीन ओळीच डोळ्यांत येतात, आणि आज बाजारात कशासाठी जायचे ते त्याच.

इथे बहुतेकांचे दोन ठिकाणी अडते. पहिले म्हणजे ते $ चिन्ह. `$D2` मध्ये स्तंभ बांधला आहे, ओळ मोकळी आहे, म्हणून ओळीतला प्रत्येक चौकोन आपल्याच ओळीचा D पाहतो. $ विसरला की A चौकोन D पाहतो, B चौकोन E पाहतो, आणि ओळीचा एखादाच तुकडा रंगतो. तुकडा रंगलेला दिसला की समजावे. दुसरे, पल्ला दुसऱ्या ओळीपासून आणि सूत्रात पहिली ओळ, असे झाले तर रंग एक घर खाली सरकतो: कापूर आलेला असतो आणि उदबत्ती हिरवी होते.

एक चूक मात्र मला स्वतःला सापडायला दोन सकाळी लागल्या. सकाळी सातला पान उघडावे तर जी ओळ लाल हवी ती पांढरी, आणि नाश्ता उरकून पाहावे तर लाल. पुतण्याने फाइल न्यू जर्सीत काढली होती. `TODAY()` फाइलच्या घड्याळाने चालते, आणि तिथे उन्हाळ्यात मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. `File`, `Settings`, तिथे `Time zone` भारताचा केला आणि लाल ओळी पहाटेपासून दिसू लागल्या.

हे सगळे झाल्यावरही यादी खोटे बोलली, आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. यादीत ‘नारळ’ दोनदा होता: एकदा कलशावर ठेवायला 1, आणि खाली मोदकांच्या सारणासाठी 5. वहीत हे चालत होते, कारण वाचणाऱ्या सासूबाई होत्या. भाऊजींनी पाच नारळ आणले, नोंद केली. दोन्ही ओळींतल्या SUMIF ने तीच नोंद वाचली. कलशाच्या ओळीत आले 5, हवे 1, बरोबर. सारणाच्या ओळीत आले 5, हवे 5, बरोबर. दोन्ही हिरव्या. हवे सहा, आले पाच, आणि चतुर्थीच्या सकाळी पाचही नारळ खवून झाल्यावर गुरुजींनी कलशाचा नारळ मागितला.

या चुकीचा मला लाल रंगाच्या चुकीपेक्षा जास्त राग येतो. वस्तू आली असून यादी लाल दिसली तर कोणीतरी विचारतोच, “अहो, हे तर आणलेय की!” हिरव्याला कोणी काही विचारत नाही. तेव्हा खोटे हिरवे कुठून येऊ शकते, हे एकदा शांतपणे बसून शोधावे. त्यातली मुख्य वाट दोनदा आलेले नाव. ती बंद करायला ‘यादी’त आणखी एक नियम, सगळ्यांच्या वर, जांभळा:

```
=COUNTIF($A$2:$A$40,$A2)>1
```

एकच नाव दोन ओळींत आले की दोन्ही जांभळ्या होतात. उपाय नावातच करायचा: ‘नारळ, कलश’ आणि ‘नारळ, सारण’. दूर्वांचेही तसेच केले: ‘दूर्वा, स्थापना’ आणि ‘दूर्वा, गौरी’, कारण त्यांच्या तारखाच वेगळ्या आहेत. ड्रॉप-डाउनमधून निवडताना मग माणसाला क्षणभर थांबून ठरवावे लागते की हे कशासाठी आणले. ते थांबणे मला हवेच होते.

पण नावे बदलायला गेले आणि नवीन गंमत झाली. ‘नारळ’चे ‘नारळ, सारण’ केल्याबरोबर जुनी नोंद अनाथ झाली. ड्रॉप-डाउन निवडीच्या क्षणी शब्द देते, नंतर त्या शब्दाच्या मागे जात नाही. शिवाय कोणी दुसरीकडून मजकूर आणून चिकटवला तर तोही कधी कधी पहाऱ्यातून निसटतो. एक्सेलमध्ये तर हे नेहमीचेच आहे, तिथे व्हॅलिडेशन टाइप केलेले अडवते आणि चिकटवलेले जाऊ देते. म्हणून यादीच्या माथ्यावर, G1 मध्ये, मी एक आकडा ठेवला आहे. नोंदीत आहेत पण यादीत नाहीत अशा ओळी किती:

```
=SUMPRODUCT(('नोंद'!$B$2:$B$200<>"")*(COUNTIF($A$2:$A$40,'नोंद'!$B$2:$B$200)=0))
```

तो शून्य असेल तरच खालच्या खुणांवर विश्वास ठेवायचा. त्या ओळी ‘नोंद’ पानावर रंगवूनही दाखवता येतात, फक्त गूगल शीट्समध्ये रंगाच्या नियमाला दुसऱ्या पानाचे नाव सरळ घेता येत नाही, ते INDIRECT मध्ये गुंडाळून द्यावे लागते:

```
=AND($B2<>"",COUNTIF(INDIRECT("'यादी'!A2:A40"),$B2)=0)
```

आता उरला भाऊजींचा मूळ प्रश्न. त्यांनी निमूटपणे नोंद करायला सुरुवात केली, पण दुकानात, पैसे देताना. एकदा दूर्वांची जुडी आणि केवड्याचे पान रिक्षातच राहिले. नोंद खरी होती, घेतले होतेच. घरात नव्हते. म्हणजे खूण माणसाच्या हातून काढून नोंदीला दिली तरी, ती नोंद कोणत्या क्षणाची, हे ठरवायचे राहिले होते. तेव्हा ‘नोंद’मध्ये D स्तंभ घातला, दोनच पर्यायांची ड्रॉप-डाउन: ‘घेतले’ आणि ‘घरी’. C2 चे सूत्र बदलले:

```
=SUMIFS('नोंद'!$C$2:$C$200,'नोंद'!$B$2:$B$200,$A2,'नोंद'!$D$2:$D$200,"घरी")
```

घेणारा ‘घेतले’ निवडतो, म्हणजे दुसरा कोणी तीच वस्तू पुन्हा घेत नाही. ‘घरी’ मात्र ओट्यावर पिशवी रिकामी करणारीनेच निवडायचे, असे ठरले. ती बहुधा मी असते. हा शेवटचा भाग कोणतेही सूत्र सांभाळत नाही, तो घरातल्या बोलीचा आहे. कोणी दुकानातच ‘घरी’ निवडले तर शीट त्याला अडवणार नाही.

त्या वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी एकच ओळ लाल राहिली: आघाडा. भाऊजी तीन ठिकाणी विचारून आले. “आघाडा कोणी ओळखतच नाही हो इथे.” सासूबाईंनी मला ती ओळ काढून टाकायला सांगितले नाही, आणि आघाड्याच्या जागी दुसरे नाव लिहायलाही नाही. नाव तेच राहिले, कारण ते बदलले की नोंदी तुटतात हे आता त्यांनाही कळले होते. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या कानडी आजींना पान वर्णन करून सांगितले, आणि मी F स्तंभाला शीर्षक दिले, ‘इथे काय म्हणतात’. त्यात आघाड्यापुढे लिहिले: उत्तराणी. संध्याकाळी आठव्या क्रॉसला भाऊजींनी फोनवरचा तो एक शब्द वाचून दाखवला. पत्री विकणाऱ्या बाईने पुढ्यातल्या ढिगातूनच ती उपसून दिली.